मदत हवी आहे: 400 किमीवर g जवळजवळ तेवढाच, मग अंतराळवीर तरंगतात कसे? (अकरावी, ग्रॅव्हिटेशन)

अकरावी_बी_कोल्हापूर
सोमवारी युनिट टेस्ट आहे. सरावाच्या पेपरात असं आलंय: 400 किमी उंचीवर यान फिरतंय, तिथला g काढा, यानाचा वेग काढा आणि आतले अंतराळवीर वजनरहित का भासतात ते सांगा. R 6400 किमी धरायचीय. g मला 8.7 आला, म्हणजे जमिनीपेक्षा 11 टक्केच कमी. पण क्लासच्या नोट्समध्ये चक्क छापलंय, 'तिथे गुरुत्वाकर्षण नसते म्हणून'. दुसरी भानगड, वेग मला 7.7 किमी/से आला आणि शेजारच्या बाकावरच्याला 31.7. दोघंही आपलंच बरोबर म्हणून भांडतोय.

जोतिबा_रोड
सोपं आहे भावा. पृथ्वी आत ओढते, फिरण्यामुळं सेंट्रिफ्यूगल फोर्स बाहेर ढकलतो. दोन्ही सारखे, बेरीज शून्य, म्हणून वजन शून्य. लिही आणि मोकळा हो.

गुळव्यापारी
मार्केट यार्डात स्प्रिंगच्या काट्यावर 10 किलोचा रवा तोलला आणि तोच पन्हाळ्यावर नेऊन तोलला, तर कमी भरणार का? गिऱ्हाईक भांडायला नको.

मंगळवार_पेठ
गूळवाले, फार तर ग्रॅमभर. काट्याची चूक त्याहून मोठी असते, निवांत राहा.

आता पोरांचं भांडण. 7.7 बरोबर. मित्रानं v = √(GM/r) मध्ये r म्हणून नुसते 400 किमी घातलेत. अंतर पृथ्वीच्या केंद्रापासून धरायचं, म्हणजे 6800. असली चूक उत्तर बघूनच पकडता येते. मुक्तिवेग 11.2 आहे आणि याचं यान 31.7 नं चाललंय. ते फिरेल कशाला, कायमचं निघून जाईल! तू GM च्या जागी gR² घाल, म्हणजे मोठे घातांक टळतात: 9.8 गुणिले 6400 किमीचा वर्ग, भागिले 6800 किमी. सगळं मीटरमध्ये करून वर्गमूळ घेतलंस की 7680 मी/से च्या आसपास येतं.

g साठी g(1 − 2h/R) वापरू नकोस. त्यानं 8.6 येतो, इथं खपूनही जाईल, पण ते सूत्र h फार लहान असतानाचं आहे. 36,000 किमीवरच्या उपग्रहाला लावून बघ, g ऋण येतो. म्हणजे पृथ्वी त्याला ढकलतेय!

जोतिबा रोड, तुमचं अर्धं बरोबर. यानात बसून, यानाबरोबर फिरत हिशेब मांडला तर तसं लिहिता येतं. पण जमिनीवरून बघणाऱ्याला बाहेर ढकलणारं बळ कुठंच दिसत नाही. बेरीज खरोखर शून्य असती तर यान सरळ रेषेत सुटलं असतं, वळलं कशाला असतं?

खरी गोष्ट अशी की यान पडतंय. एका सेकंदात ते ½ × 8.7 × 1², म्हणजे 4.3 मीटर खाली येतं. त्याच सेकंदात 7.68 किमी पुढंही जातं, आणि पृथ्वी गोल असल्यानं तेवढ्या अंतरात खालची जमीनही 4.3 मीटरच खाली वळलेली असते. त्यामुळं पडणं चालूच राहतं आणि उंची तेवढीच राहते. वेग 7.68 च का, त्याचं उत्तरही यातच आहे. आपल्याला वजन जाणवतं ते जमीन पायांना वर रेटते म्हणून. यानाची फरशी माणसाबरोबर तितकीच पडत असते, त्यामुळं ती त्याला रेटतच नाही.

पटत नसेल तर प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी भोक पाड, पाणी भर, झाकण काढून ठेव. धार लागली की गच्चीवरून सोड. खाली कुणी नाही हे आधी बघ.

अकरावी_बी_कोल्हापूर
सर, केलं! आई ओरडली, पण सोडल्या क्षणी धार बंद झाली. भावानं मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतलंय, भोकापाशी पाणी नुसतं थांबलेलं दिसतंय. मग बाटली सोडायच्या ऐवजी वर फेकली तर?

मंगळवार_पेठ
वर जातानाही धार बंदच राहील. हातातून सुटली की तिच्यावर फक्त g, दिशा कुठलीही असो. हवेच्या अडथळ्यामुळं थेंबभर गळेल तेवढंच.

जोतिबा_रोड
मान्य. पण आमच्या वेळी सेंट्रिफ्यूगल लिहूनच पूर्ण मार्क मिळायचे. तपासणाऱ्याच्या नोट्समध्येही तेच असलं तर पोरानं काय करायचं?

मंगळवार_पेठ
मी तपासायचो तेव्हा 'गुरुत्वाकर्षण नसते'ला शून्य द्यायचो. सेंट्रिफ्यूगलला अर्धा. दुसरे काय देतात ते मी कसं सांगू? त्यानं आधी g = 8.7 लिहावा आणि खालीच 'फरशीची प्रतिक्रिया शून्य' लिहावं. त्यावर कुणाला काट मारणं अवघड आहे.

गुळव्यापारी
आणि त्या यानात गूळ तोलायचा झाला तर?