मदत हवी आहे: चुकीचा सल्ला दिलेल्या कॉलला 90 गुण कसे?

वणीकर_क्यूए: सौर कृषिपंपांच्या मदत केंद्रात मी रेकॉर्ड झालेले कॉल ऐकून गुण देते. फॉर्ममध्ये आपुलकीला 30, माहितीच्या अचूकतेला 40 आणि तक्रार सुटण्याला 30 गुण आहेत. 80 ला पास.

एका कॉलमध्ये शेतकरी म्हणाला, पंप बंद आहे, कंट्रोलरवर ड्राय रन, म्हणजे पाणी खाली गेल्याची खूण, दिसतंय. एजंट वऱ्हाडीत फार छान बोलला. पण सांगितलं काय, तर पॅनेलकडून येणारी वायर काढून परत लावा. तेही भर दुपारी! थोड्या वेळाने पंप सुरू झाला, एजंटने 'सुटली' अशी नोंद केली. अचूकतेच्या चार प्रश्नांपैकी एकच चुकला, म्हणून एकूण 90. माझ्या सहकाऱ्याने मात्र आपुलकीला 30 पैकी 15 दिले, कारण एजंट ठरलेलं दिलगिरीचं वाक्य बोलला नाही. काय बदलावं?

आकडेमोड: अचूकतेला 60 करा, बाकी दोघांना 20-20.

जुना_टीमलीड: तरी 85 होतात, पासच. उन्हात पॅनेलचा डीसी प्रवाह चालूच असतो. आयसोलेटर, म्हणजे पॅनेलचा प्रवाह तोडणारा स्विच, बंद न करता वायर ओढली तर ठिणगी पडून हात भाजतो. अशा चुकीला 10 गुण कापून भागत नाही, पूर्ण कॉल शून्य करा. पण शून्याची यादी छोटी ठेवा: जिवाला धोका, पैशाची चुकीची माहिती, दुसऱ्याचा तपशील उघड करणं.

आपुलकीत 'दिलगिरी म्हटली का' हा प्रश्न काढा. त्याऐवजी विचारा: मधेच तोडलं का? सांगितलेलंच परत विचारलं का? ओलीत अडलंय हे ऐकून पुढची पावलं बदलली का? मग दोघांनी तेच पाच कॉल वेगवेगळे ऐका आणि कोणत्या प्रश्नावर फरक पडतो ते बघा.

'सुटली' ही एजंटची खूण मानू नका. आठ दिवसांत परत फोन आला का ते पाहा. फोन मुलाच्या नंबरवरूनही येतो, म्हणून अर्ज क्रमांकावरून शोधा.

कापूसवाला: माहा पंप बी दुपारी बंद पडते अन् आपोआप चालू होते. तक्रार कुठं करू?

वणीकर_क्यूए: भाऊ, आधी विहिरीचं पाणी बघा. पाणी खाली गेलं की कंट्रोलर पंप थांबवतो, झिरपून भरलं की परत चालू करतो. वायरीला हात लावू नका.

@जुना_टीमलीड, अर्ज क्रमांकावरून शोधलं. तोच शेतकरी दोन दिवसांनी परत बोललाय, म्हणजे सुटण्याचे 30 पण गेले. एक अडचण मात्र राहते. शून्याच्या भीतीने एजंट प्रत्येकाला 'मेकॅनिक पाठवतो' म्हणतील, आणि इथे मेकॅनिक यायला आठवडा लागतो.

जुना_टीमलीड: आमच्याकडेही तसंच झालं होतं. विनाकारण मेकॅनिक पाठवला तर अचूकतेत गुण कापायला लागलो. थोडं कमी झालं, थांबलं नाही.