‘ह्मणून’चं ‘म्हणून’ करायचं का?

वाशीकर: जुनी पुस्तकं नव्याने टंकित करताना ‘ह्मणून’, ‘नाहीं’, ‘तीं’ तसंच का ठेवता? आजचा वाचक दर ओळीला अडखळतो. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम मग कशाला केले?

नौपाडेकर: १९६२ नंतर लिहिणाऱ्यांसाठी केले. एकोणिसाव्या शतकातल्या छापखान्याला ते लावलेले पाहिले की मला संताप येतो. ‘तीं गेलीं’ हे दोनच शब्द घ्या. टिंबं आहेत म्हणून कळतं की गेली ती मुलं. टिंबं पुसा, ‘ती गेली’ उरतं, आणि वाचणाऱ्याला वाटतं की एक बाई गेली. तुम्ही लेखन नाही, अर्थ बदलताय.

ऐरोलीकर: टिंबाचं पटलं. पण ‘ह्मणून’ ही उघड छपाईची चूक आहे. जुळाऱ्याकडे ‘म्ह’चा खिळा नसणार. तेवढं तरी सुधारा.

नौपाडेकर: हाताने लिहिलेल्या पोथ्यांतही ‘ह्मणे’ आहे. तिथे कुठला खिळा? पुस्तकभर ‘ह्मणून’, ‘आह्मी’, ‘तुह्मी’ असंच असेल तर ती त्या काळची रीत. चाळीस पानांत एकदाच काही वेगळं दिसलं तर चुकीचा संशय घ्यायचा, आणि आधी शेवटचं शुद्धिपत्र बघायचं.

घणसोलीची सून: माझ्या लेकीने वहीत देठाचा ‘श’ काढला नाही म्हणून बाईंनी अर्धा गुण कापला! २००९ च्या शासन निर्णयातला ‘श’ म्हणे. त्यावर कोणी बोलत नाही.

वाशीकर: ताई, तो अक्षराच्या वळणाचा प्रश्न. इथे विषय लेखनाचा आहे.

घणसोलीची सून: विषय तोच आहे! ज्याचं वळण वेगळं त्याला चूक म्हणायचं. आणि टिंबाचं सांगते. माझ्या मालवणच्या सासूबाई आजही ‘काय झालां?’ विचारतात, शेवट नाकात. लग्नानंतर पहिलं वर्ष मला ते गावंढळ वाटायचं, याची आता लाज वाटते. तुमच्या पुस्तकातलं ‘झालें’ त्यांच्या तोंडात जिवंत आहे.

ऐरोलीकर: मालवणीचा पुरावा ठाण्यात छापलेल्या पुस्तकाला कसा चालेल? पुण्यात नाकात बोलायचे का?

नौपाडेकर: सगळीकडे बोलायचे असं मी म्हटलेलं नाही. सूनबाईंचा मुद्दा मात्र मोलाचा आहे, तो झटकू नका.

वाशीकर: बरं, ‘तीं’ ठेवा. पण मी शोधात ‘म्हणून’ टाकलं तर ‘ह्मणून’ सापडत नाही. शिवाय झिजलेल्या खिळ्याचं टिंब उमटतच नाही आणि शाईचा ठिपका टिंबासारखा दिसतो. मग ‘जसंच्या तसं’ म्हणजे नक्की काय?

नौपाडेकर: शोधासाठी आजच्या लेखनाची वेगळी प्रत करा, मूळ पाठाला हात लावू नका. टिंबासाठी त्याच आवृत्तीची दुसरी प्रत काढून तेच पान बघायचं. खिळा झिजलेला असेल तर तिथेही टिंब फिकट असेल, शाईचा ठिपका मात्र दुसऱ्या प्रतीत नसतो.

वाशीकर: आणि दुसरी प्रत मिळालीच नाही तर?

नौपाडेकर: तर दिसतं तेच टंकायचं आणि तळटीप द्यायची.

ऐरोलीकर: पानोपानी तळटिपा! वाचणार कोण?