मिलिंदकडचा डेक: फट 3 की 5, क्लिप की स्क्रू?

मिलिंद, बुधवार रात्र

मंडळी, फळ्या उद्या येतायत आणि शनिवारी सकाळी लावायला घेणार, म्हणून घाईने विचारतोय. सांगाडा मागच्या महिन्यात प्रमोद आणि मंडळींनी मिळून उभा केला तोच आहे. जॉइस्ट, म्हणजे फळ्यांखालच्या तुळया, भिंतीपासून बाहेर 3.6 मीटर, 450 पेक्षा थोड्या कमी अंतराने 13. फळ्या स्पॉटेड गम, 136 बाय 19, कडेला खाच पाडलेल्या, 5.4 मीटरच्या अखंड, त्यामुळे मध्ये सांधा नाही. डेक जमिनीपासून जेमतेम 250 मिलिमीटर वर आहे.

लपलेल्या क्लिपा घेतल्यात. पोरं अनवाणी पळतात, गणपतीत आरतीला सगळे तिथेच उभे राहणार, वर स्क्रूची डोकी नकोत असं घरचं म्हणणं. पण क्लिपांनी फट 4 ची पडते, दुकानदार 3 पुरे म्हणतो, आणि शेजारच्याने 5 ठेवलीय. कोणाचं ऐकू?

श्रीकांत, बुधवार रात्र

मिलिंद, फट ठेवूच नकोस. न्यू जर्सीला असताना मी स्वतः डेक केलाय. फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकायच्या, लाकूड वाळतं तसं आकसतं आणि वर्षभरात पाच-सहा मिलिमीटरची फट आपोआप पडते. आधीच 5 ठेवलीस तर पुढच्या उन्हाळ्यात 10 ची होईल आणि चपलेची टाच अडकेल.

नीलिमा, गुरुवार सकाळ

मिलिंद, तेलाची घाई मुळीच करू नकोस. आमच्याकडे लगेच तेल दिलं तर ते मुरलंच नाही, वर चिकट राहिलं. दोन-तीन पाऊस होऊ देत, लाकडातला तपकिरी रंग वाहून जाऊ दे. खाली फरशी असेल तर तिच्यावर डाग पडतात ते वेगळंच, आमच्या फरशीवर अजून आहेत. आणि आरतीला सतरंजी अंथरणार असशील तर ती ओल्या डेकवर ठेवू नकोस.

शुभदा, गुरुवार दुपार

मिलिंद, आधी श्रीकांतचं. त्याने सांगितलं ते त्याच्या लाकडाला बरोबर आहे. अमेरिकेत रसायन मुरवलेला पाइन ओलाकच्च यार्डातून येतो, तो चिकटवून बसवला तरी आकसून फट देतो. तुझा स्पॉटेड गम भट्टीत वाळवलेला आहे. तो आता कोरडा आहे, आणि मेलबर्नच्या हिवाळ्यात तो फुगणार. चिकटवून लावलास तर ऑगस्टपर्यंत फळ्या एकमेकींना रेटायला लागतील.

हिशेब करून बघ. स्पॉटेड गममधला ओलावा एक टक्क्याने वाढला की रुंदी साधारण 0.38 टक्के वाढते. फळी 136 ची, म्हणजे एका टक्क्याला अर्धा मिलिमीटर. फळी आली की मॉइश्चर मीटर लाव. समज 11 टक्के दाखवलं आणि तुझ्या त्या 250 उंचीच्या, खालून ओल्या जागेत ती 16 वर गेली, तर फळी अडीच मिलिमीटर फुगली. प्रत्येक फळी दोन्हीकडे निम्मी निम्मी फुगते, म्हणून प्रत्येक फटीतून तेवढेच अडीच जातात. 3 ठेवलीस तर अर्धा मिलिमीटर उरला, त्यात पानं आणि माती भरली की संपलं. 4 मध्ये दीड उरतो. 5 ठेव. उन्हाळ्यात 8 टक्क्यांवर उतरली तर फट साडेसहाची होईल, टाचेला ते चालतं. हीच फळी 86 ची असती तर तेवढ्याच ओलाव्याला दीडच मिलिमीटर फुगली असती आणि मी 4 ला हरकत घेतली नसती.

आता क्लिपा. माझा विरोध क्लिपांना नाही, 136 च्या फळीला आणि 250 च्या उंचीला एकत्र आहे. खालची बाजू दमट, वरची उन्हाने कोरडी, की रुंद फळी पन्हळीसारखी वाकते, कडा वर आणि मध्य खाली. तिला दाबून ठेवायला वरून दोन स्क्रू लागतात. क्लिप फक्त खाचेचा खालचा ओठ धरते, आणि तो ओठ 19 च्या फळीत पाच-सहा मिलिमीटर जाड. कडा उचलली की तोच आधी फाटतो. तीन उन्हाळ्यांनी वर येऊन बघितलं तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक फळीची सावली दिसते, ती याची खूण.

अजित, गुरुवार संध्याकाळ

शुभदाताई, एवढं सरसकट म्हणू नका. आमचा डेक क्लिपांवरच आहे, स्पॉटेड गमच, आणि एकही फळी हललेली नाही. प्रत्येक जॉइस्टवर पॉलियुरेथेन गोंदाची रेघ दिली होती, क्लिप आणि गोंद दोन्ही मिळून धरतात. डोकं नाही, डाग नाही, पाय लावून बघा. मिलिंदने पैसे भरलेत, परत कशाला करायचं?

शुभदा, गुरुवार संध्याकाळ

अजित, तुझा डेक पहिल्या मजल्यावर आहे आणि फळ्या 86 च्या आहेत. मी स्वतः खालून पाहिलाय, वारा आरपार जातो. मिलिंदचा जमिनीलगत आहे, आणि तो पश्चिमेकडच्या चिकणमातीवर, जी पाऊस थांबला तरी आठवडाभर ओली असते.

प्रमोद, गुरुवार रात्र

विषय पुढे नेण्याआधी सचिव म्हणून एक. मंडळाचं ड्रिल आणि चार मोठ्या क्लॅम्प मिलिंदने नेल्या असतील तर नोंदवहीत सही हवी. रंगमंचाच्या समितीला त्या रविवारी लागतात. आणि सांगाडा आपण सगळ्यांनी मिळून केला, तेव्हा जॉइस्टचे तोंड-माथे एका रेषेत आहेत हे मी पातळी लावून तपासलेलं आहे. क्लिपा लावा नाहीतर स्क्रू, सांगाड्याला दोष देऊ नका.

केदार, गुरुवार रात्र

आमच्या डेकला कंपनीने फळीच्या टोकांना 6 मिलिमीटर सोडायला लावलं होतं, उन्हाने लांबीत वाढते म्हणून. मिलिंद, तुझ्या 5.4 मीटरच्या फळीची टोकं भिंतीला भिडवू नकोस, नाहीतर डेक फुगून उचलेल.

शुभदा, शुक्रवार सकाळ

केदार, तुझा प्लास्टिकमिश्रित कंपॉझिटचा आहे, तो उष्णतेने लांबीत वाढतो. खरं लाकूड रेषेच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, ते आडवं फुगतं. टोकांना जागा ठेवायचीच, पण पाणी साचू नये म्हणून.

मिलिंद, तू रात्री फोनवर विचारलंस म्हणून स्क्रूची पद्धत लिहिते. कुणी क्लिपाच लावणार असेल तरी फटीचा आणि ओळीचा भाग लागू आहे.

आधी रुंदीचा हिशेब. बाहेरच्या कडेला 19 ची फॅशिया, म्हणजे कडा झाकणारी उभी फळी, येते, म्हणजे सांगाडा 3600 चा 3619 झाला. पहिली फळी तिच्या पुढे 6 आलेली हवी, म्हणजे 3625. घराच्या भिंतीशी 10 मोकळे सोड, पाण्यासाठी. 25 अखंड फळ्या झाल्या 3400, मध्ये 25 फटी पाचच्या झाल्या 125, भिंतीचे 10. एकूण 3535. उरले 90. म्हणजे शेवटची फळी 90 ला फाडायची आणि ती भिंतीलगत जाईल, जिथे कोणाचं लक्ष जात नाही. बाहेरून सुरुवात कर, आणि बाहेरची फळी दोरी ताणून लाव. घराची भिंत कधीच सरळ नसते, तिच्यावरून रेघ धरू नकोस. दर पाच फळ्यांनी दोन्ही टोकांकडून भिंतीपर्यंत मोज. फरक दिसला की पुढच्या पाच-सहा फटींत वाटून टाक, एकाच फटीत नको.

स्क्रू 10 गेज, 65 मिलिमीटर, 304 स्टेनलेस. समुद्राजवळ असतास तर 316 म्हटलं असतं. गॅल्व्हनाइज्ड नकोत, जस्त गेलं की लोखंडाने लाकडातल्या टॅनिनला काळे डाग पडतात. प्रत्येक फळीला प्रत्येक जॉइस्टवर दोन, कडेपासून 20 ते 25 आत. 26 फळ्या गुणिले 13 गुणिले 2 म्हणजे 676, तुटतील ते धरून जास्तच घे. कडेच्या जॉइस्टवर फळीच्या टोकापासून स्क्रू किमान 20 आत येईल असं बघ. फळी थोडी बाहेर ठेव आणि शेवटी दोरीच्या रेघेवर एकदम काप.

भोक आधी पाडायचंच. बिट 3.8 च्या आसपास, काउंटरसिंक असलेलं. स्टेनलेस नरम असतो, इम्पॅक्ट ड्रायव्हरने दणका दिला की मान तुटते आणि तो तुकडा स्पॉटेड गममधून निघत नाही. साधं ड्रिल, क्लच कमी, शेवटचा फेरा हळू. डोकं फळीशी समपातळीत किंवा केसभर खाली. खोल बुडवलंस तर प्रत्येक डोक्यावर पाण्याची वाटी होते आणि तिथूनच फळी कुजायला लागते. डोकी ओळीत आली की वाईट दिसत नाहीत. फळीवर रेघ मारायला पेन्सिल वापर, निळा खडू लाकडात बसतो.

आणि हो, नीलिमाताईंच्या तेलाबद्दल. वरच्या बाजूला त्यांचं बरोबर आहे. पण फळी बसवण्याआधी खालची बाजू आणि कापलेली टोकं तेलाने भिजवून घे, नंतर तिथे हात पोचत नाही. फॅशिया जमिनीपर्यंत नेऊन डेक बंद करू नकोस. खाली वारा गेला नाही तर माझा सगळा हिशेब चुकेल आणि 5 ची फटही अपुरी पडेल.

श्रीकांत, शुक्रवार दुपार

खिळे हातात असतील तर मापासाठी वापर, 5 चा खिळा दोन जॉइस्टमागे एक ठेवून फळी सरकव. न्यू जर्सीला आम्ही तसंच करायचो, फट ठेवायची असेल तेव्हा. वाकडी फळी आली तर छिन्नी जॉइस्टमध्ये रोवून रेटायची, ओळीत येते.

मिलिंद, शुक्रवार दुपार

मीटर लावला, फळ्या 10 ते 12 च्या मध्ये. क्लिपा दुकानदार परत घेतो म्हणाला, पण खाचेच्या फळ्या नाही. स्क्रूनेच लावतोय. घरी समजावलं, डोकी एका ओळीत आणि समपातळीत येणार म्हटल्यावर मान्य झालं. फक्त खाच रिकामी राहिली तर तिथे पानं आणि माती साठेल का? आणि बाहेरच्या पहिल्या फळीची खाच बाहेरून दिसेल.

अजित, शुक्रवार संध्याकाळ

दिसेल. बाहेरच्या फळीची खाच टेबल सॉवर कापून घे, तेवढी अरुंद होईल ती भिंतीकडे भरून काढ. आणि मी अजून म्हणतो, गोंद लावून क्लिपा चालल्या असत्या.

शुभदा, शुक्रवार संध्याकाळ

माती साठते, वर्षातून एकदा फटींतून पातळ पट्टी फिरवायची. फळी अरुंद केलीस तर भिंतीची 90 ची त्याच मापाने रुंद होईल, मोजून कर. गोंदाचं अजित आणि मी एकमेकांना पटवू शकत नाही. माझ्या मते 136 ची फळी गोंदाला धरून जॉइस्टचाच तुकडा ओढून काढेल.

प्रमोद, शुक्रवार रात्र

क्लॅम्प रविवारी नऊपर्यंत. सही राहिलीय अजून. फळी फाडायला टेबल सॉ मंडळाकडे नाही, देसाईंकडे विचारा, पण ब्लेड नवीन आणा. त्यांचं गेल्या वेळी कोणीतरी खिळ्यावर घातलंय.