प्रतिसाद: योगा मॅटच्या जाडीपेक्षा घट्टपणा बघा

>> "गुडघे दुखतात, म्हणून १२ मिमीची फोमची मॅट घेऊ का?"

फक्त झोपून किंवा बसून करायचे व्यायाम असतील तर जरूर घ्या. उभं राहून करणार असाल तर नको. वर सगळ्यांनी जाडीच सांगितली आहे, पण गुडघ्याला आधार मिळतो तो मॅटच्या घट्टपणामुळे. दुकानात मॅटवर अंगठा जोरात दाबून बघा. खालची फरशी लागली, तर गुडघा टेकल्यावरही ती लागणारच, कारण सगळा भार वाटीएवढ्या जागेवर येतो. स्वस्त मऊ फोमचं हेच होतं. शिवाय वृक्षासनात त्यात पाऊल रुततं आणि घोटा डुगडुगतो. अधोमुख श्वानासनात तळहाताचा मनगटाकडचा भाग खाली जातो, त्यामुळे मनगट जास्त वाकून दुखायला लागतं.

माझ्या आईचे गुडघे नाजूक आहेत. तिला मी ६ मिमीची घट्ट पीव्हीसी मॅट घेतली आणि मार्जारासनापुरता गुडघ्यांखाली टॉवेलची चौपदरी घडी ठेवते. उभ्या आसनांना घडी बाजूला, पाय पक्के.

घाम फार येत असेल तर मात्र पीव्हीसी निसरडी होते. तिथे ४-५ मिमीचं नैसर्गिक रबर चांगलं, ओलसर हातालाही पकड देतं. फक्त ते जड असतं, सुरुवातीला वास येतो आणि उन्हात वाळवलं तर तडकतं, म्हणून सावलीतच वाळवा. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर रबर घेऊच नका.