सोसायटी ग्रुप : गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्ध मुलींच्या लसीकरण कॅम्पच्या फिल्मची स्क्रिप्ट

शोभा देशमुख (ए-३०२): नमस्कार. कालची स्क्रिप्ट आत्ता शांतपणे वाचली. कोणी लिहिली ते विचारत नाही पण पहिलंच वाक्य "ही लस घेतल्यावर मुलींना मूल होत नाही असं म्हणतात" असं मोठ्ठ्या अक्षरात स्क्रीनवर??? माझ्याकडे कामाला येणाऱ्या सुमनला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली वहिनी मग कशाला देताय पोरींना. पुढचं तिने ऐकलंच नाही, भांडी घासायला गेली.

अनुजा (बी-१०४): वहिनी स्क्रिप्ट मीच लिहिलीय, विचारलं असतंत तरी सांगितलं असतं 🙂 आणि पुढच्याच वाक्यात "हे चुकीचं आहे" असं आहे.

शोभा देशमुख (ए-३०२): आहे गं, पण ते ऐकायला माणूस थांबला पाहिजे ना.

पाटील काका (ए-१०१): हॉलच्या ४० खुर्च्यांपैकी ११ खुर्च्या गणपतीपासून गायब आहेत. कॅम्पच्या आधी याचा खुलासा व्हावा.

राहुल (सी-२०३): काका फिल्मबद्दल चाललंय 😄

कदम वहिनी (बी-३०१): राहुल तू बोलूच नकोस, गेल्या वेळच्या डोळ्यांच्या कॅम्पच्या फिल्ममधे तीन मिनिटं ड्रोनने पाण्याची टाकी दाखवली होतीस.

डॉ. मंजिरी (सी-१०१): ओपीडीमधे आहे, थोडक्यात लिहिते. शोभाताईंचं बरोबर आहे. गैरसमज आधी आणि मोठा सांगितला की तोच डोक्यात बसतो, "चुकीचं आहे" हा भाग दोन दिवसांत गळून जातो. म्हणून आधी खरं काय ते सांगायचं, मधे ओझरता तो गैरसमज आणि शेवटी पुन्हा खरं. स्क्रीनवर अक्षरात गैरसमज लिहायचाच नाही, कारण बायका स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवतात आणि खालचं उत्तर कापलं जातं.

अनुजा (बी-१०४): ओके हे मान्य. पण मग भीतीचं उत्तर द्यायचंच नाही का? नुसती "लस घ्या लस घ्या" फिल्म मला करायची नाही, तसल्या भिंतीवर रंगवलेल्या पण असतात.

डॉ. मंजिरी (सी-१०१): द्यायचं, पण ज्या शब्दांत भीती विचारली जाते त्याच शब्दांत. तू लिहिलंयस "गर्भाशयमुखाचा कर्करोग". माझ्याकडे एका बाईने विचारलं होतं, मुखाचा म्हणजे तोंडाचा ना, आमच्यात कोणी तंबाखू खात नाही. आपल्याकडे बायका "पिशवी" म्हणतात. "पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर" असं म्हण आणि डॉक्टरचं पात्र असेल तर ते एकदाच "गर्भाशयमुख" म्हणेल.

सुनीता ताई (ए-२०४): हो पिशवीच. आमच्या सासूबाई अजून "पिशवी काढली" असंच सांगतात, ऑपरेशनला वीस वर्षं झाली.

पाटील काका (ए-१०१): खुर्च्यांचा विषय टाळला जात आहे याची नोंद घ्यावी.

अनुजा (बी-१०४): मंजिरीताई मग मूल होण्याचं उत्तर नक्की काय लिहू? "वैज्ञानिक पुरावा नाही" असं लिहिलं होतं.

डॉ. मंजिरी (सी-१०१): ते वाक्य काढ, ऐकणारीला वाटतं पुरावा सापडायचाय अजून. सरळ सांग. हा कॅन्सर एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. लसीत तो जिवंत विषाणू नसतो, त्याचं फक्त वरचं टरफल असतं, आतलं बी नसतं, त्यामुळे त्याचा आजार होऊ शकत नाही. इंजेक्शन दंडात, अर्धा मिली. पिशवीला ते काही करत नाही. उलट पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर झाला तर बऱ्याचदा पिशवी काढावी लागते किंवा रेडिएशन द्यावं लागतं आणि मग खरोखर मूल होत नाही. म्हणजे मूल होण्याची काळजी असेल तर ती लसीच्या बाजूने बोलते.

शोभा देशमुख (ए-३०२): हे वाक्य!! हेच पहिलं घ्या. "पिशवी वाचावी म्हणून."

राहुल (सी-२०३): टॅगलाईन मिळाली, ड्रोन शॉट राहिला 😜

कदम वहिनी (बी-३०१): 😡

अनुजा (बी-१०४): सीन असा केला. गच्चीवर वाळवण, दोन जावा कुरडया घालतायत.
धाकटी: आमच्या पिंकीला लस द्यायची म्हणतायत, पिशवीची.
थोरली: मी दिली माझ्या दोघींना. पिशवी जपायला दिली.
धाकटी: मला कुणी म्हणालं पुढं काही अडचण येते.
थोरली: मलाही म्हणालं होतं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या दंडात सुई, पिशवीला हात पण लागत नाही. कॅन्सर झाला तर पिशवीच काढतात.
कसं वाटतंय?

सुनीता ताई (ए-२०४): छान गं. पण धाकटीने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे, जो सगळ्या विचारतात आणि कॅमेऱ्यासमोर कोणी विचारत नाही. एवढ्या लहान मुलीला कशाला, हा रोग तर लग्नानंतर होतो म्हणतात, मग आत्ता दिली तर लोक काय म्हणतील.

कदम वहिनी (बी-३०१): आमच्या भावजयीने स्पष्ट विचारलं होतं, म्हणजे आमची मुलगी तशी आहे का.

डॉ. मंजिरी (सी-१०१): यावर भाषण नको. विषाणू शरीरसंबंधातून येतो हे खरंय आणि लपवायचं नाही, पण संसर्ग व्हायच्या आधी दिली तरच लस पुरती कामाची. ९ ते १४ वयात शरीर जास्त चांगली तयारी करतं, म्हणून दोन डोस पुरतात, पंधरापासून पुढे कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे तीन लागतात. लवकर दिली तर एक डोस वाचतो, हे पैशाच्या भाषेत बायकांना पटकन कळतं.

अनुजा (बी-१०४): थोरली म्हणेल, पेरणी झाल्यावर बीजप्रक्रिया करतेस का तू?

शोभा देशमुख (ए-३०२): मुलीला बियाणं म्हणायचं?

सुनीता ताई (ए-२०४): वहिनी शेतावरच्या बायकांना बरोबर कळेल ते. सोयाबीनला सगळ्या घरात लावतात.

शोभा देशमुख (ए-३०२): कळेल, पण पेरणी म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या खिदळणार. तहान लागल्यावर विहीर खणते का, असं घ्या.

अनुजा (बी-१०४): 😂 खरंय. विहीर.

राहुल (सी-२०३): सीरियस प्रश्न. आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर आलंय की या लसीने पूर्वी मुली मेल्या होत्या आणि सरकारने बंद केली होती. हे फॉरवर्ड इथल्या बायकांकडे पण असणारच. त्याचं काय?

पाटील काका (ए-१०१): मलाही आलं आहे. उत्तर द्यावे.

डॉ. मंजिरी (सी-१०१): आता निवांत आहे, सविस्तर लिहिते. यातली घटना खरी आहे, अर्थ खोटा आहे. २००९ मधे तेव्हाच्या आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेत वडोदऱ्याला हजारो मुलींना ही लस देऊन बघण्याचा प्रकल्प झाला. त्यातल्या सात मुलींचे मृत्यू झाले आणि एप्रिल २०१० ला सरकारने तो थांबवला. चौकशीत साप चावणं, पाण्यात बुडणं, विषप्राशन, ताप अशी कारणं निघाली, मृत्यूंचा लसीशी संबंध निघाला नाही. पण दुसरी एक गोष्ट निघाली आणि ती लाजिरवाणी होती. आश्रमशाळांतल्या बऱ्याच मुलींच्या फॉर्मवर आईवडिलांऐवजी वॉर्डन, मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. लोकांचा राग त्यावर होता आणि तो योग्यच होता.

अनुजा (बी-१०४): म्हणजे फिल्ममधे हे सांगायचं?

डॉ. मंजिरी (सी-१०१): गोष्ट सांगायची नाही, तीन मिनिटांत अर्धवट सांगितली तर भीतीच वाढेल. कृतीत दाखवायचं. धाकटी स्वतः फॉर्म वाचते, वाचता येत नसेल तर वाचून घेते, मग सही करते. "आईची नाहीतर वडिलांची सही असेल तरच" हे वाक्य ठळक. आणि कॅम्पला कोणी थेट विचारलं तर मी वर लिहिलंय तेच पूर्ण सांगेन.

डॉ. मंजिरी (सी-१०१): एक गंमत आपल्या भागाची. त्याच वेळी देशात याच लसीचा दुसरा मोठा अभ्यास चालू होता, दोन डोस की तीन हे बघायला, आणि त्यात आपली बार्शी पण होती. एप्रिल २०१० च्या आदेशाने तोही मधेच थांबला, त्यामुळे बऱ्याच मुलींना एकच डोस मिळालेला राहिला. त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवल्यावर कळलं की एका डोसनेसुद्धा दहा वर्षं चांगलं संरक्षण राहतं. जागतिक आरोग्य संघटना आता एक डोसही चालेल म्हणते त्यामागे या मुलींचा मोठा वाटा आहे.

सुनीता ताई (ए-२०४): बार्शी?? माझं माहेर. हे कुणी कधी सांगितलं नाही.

शोभा देशमुख (ए-३०२): मग आपण एक देणार का दोन? फिल्ममधे गोंधळ नको.

डॉ. मंजिरी (सी-१०१): आपल्याकडे लसीच्या वेष्टनावर आहे त्याप्रमाणे दोन, सहा महिन्यांनी दुसरा. १४ जूनला पहिला म्हणजे १४ डिसेंबरच्या सुमाराला दुसरा. फिल्ममधे दोन्ही महिने हवेत, नाहीतर डिसेंबरला निम्म्या येणार नाहीत.

कदम वहिनी (बी-३०१): डिसेंबरला ऊसतोड. अर्ध्या घरांतल्या बाहेर असतात.

डॉ. मंजिरी (सी-१०१): हे माझ्या लक्षात नव्हतं. मग फिल्ममधे असं घालू, उशीर झाला तरी चालतो, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, परत आलात की या.

राहुल (सी-२०३): आणि आया स्वतःला मागतील त्यांना काय?

डॉ. मंजिरी (सी-१०१): चांगला प्रश्न, ड्रोनवाल्याकडून अपेक्षा नव्हती. त्यांना लसीपेक्षा तपासणीचा जास्त उपयोग. उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, ३० ते ५९ वयाच्या लाखभराहून जास्त बायकांवर अभ्यास झाला होता, तो २००९ मधे छापून आला. ज्या गटाला आयुष्यात एकदाच एचपीव्ही तपासणीची संधी मिळाली तिथे या कॅन्सरचे मृत्यू साधारण निम्म्यावर आले. शेवटी थोरली म्हणेल, लेकीला लस आणि मला तपासणी. मुलीनेही पुढे मोठी झाल्यावर तपासणी करायचीच, लस या विषाणूच्या सगळ्या प्रकारांवर चालत नाही.

अनुजा (बी-१०४): सगळं घातलं. मोठ्याने वाचून बघितलं, साडेसहा मिनिटं 😭

शोभा देशमुख (ए-३०२): बघितलंत. मी म्हणतच होते तुम्ही सगळे घुसवत बसणार.

कदम वहिनी (बी-३०१): वहिनी निम्मं तुम्हीच घुसवलंत.

सुनीता ताई (ए-२०४): दोन फिल्म करा. एक मूल होण्याची, एक लहान वयाची. प्रत्येकी दोन अडीच मिनिटं. तपासणीचं आणि तारखांचं दोन्हीच्या शेवटी.

अनुजा (बी-१०४): चालेल. शूटिंगच्या आधी मी फोनवर नुसता आवाज रेकॉर्ड करून सुमन आणि तिच्या गल्लीतल्या चार जणींना ऐकवते. "आवडलं का" विचारणार नाही, त्या हो च म्हणतात. "आता शेजारणीला तुम्ही काय सांगाल" असं विचारते. सांगताना "मूल होत नाही" एवढंच उरलं तर परत लिहायचं.

डॉ. मंजिरी (सी-१०१): बरोबर. अजून एक शॉट लागेल. सुई झाल्यावर मुलगी १५ मिनिटं बसून आहे. या वयाच्या मुलींना सुईच्या भीतीने चक्कर येते, कोणतीही सुई असो. एक पडली की तिला बघून चौघी पडतात आणि मग गावभर होतं की लसीने पडल्या. आधीच दाखवलं असेल तर घाबरगुंडी होत नाही. खाऊन यायचं, बसून सुई, बसूनच थांबायचं, पाळी असली तरी चालतं.

डॉ. मंजिरी (सी-१०१): दोन सिस्टर, प्रत्येकी तीन मिनिटाला एक मुलगी धरली तर १५ मिनिटांत दहा मुली बसलेल्या असतील आणि दहा आया. म्हणजे नुसत्या थांबायच्या जागेला २० खुर्च्या. आधीची रांग वेगळी, तिथे किमान १५.

पाटील काका (ए-१०१): २० + १५ = ३५. हॉलमध्ये २९ आहेत. मी सकाळपासून काय सांगत आहे?

राहुल (सी-२०३): 🙏🙏 काका

पाटील काका (ए-१०१): सी विंगच्या गच्चीवर ४ दिसल्या आहेत. नाव घेत नाही.

राहुल (सी-२०३): त्या ड्रोनच्या शूटिंगला नेल्या होत्या, संध्याकाळी आणतो.

कदम वहिनी (बी-३०१): आणि बाकीच्या ७?