शब्द गाळणे आणि शब्द आवळणे

निळी शाई: निबंध नेमका ३०० शब्दांचा हवा आहे. माझा पहिला खर्डा ३०७ भरला. ‘सात शब्द गाळते’ म्हटलं, तर मैत्रीण म्हणाली, ‘गाळू नकोस, आवळ.’ या दोन क्रियापदांत खरंच फरक आहे का? मला सगळ्यात सैल वाटणारं वाक्य हे:

‘वाचनाच्या माध्यमातून माणसाच्या विचारांना एक नवी दिशा प्राप्त होत असते असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही.’

उंबरठा: ३०० ही मर्यादा असेल तर २८० लिहिले तरी चालतात. एक परिच्छेदच काढून टाका.

निळी शाई: मर्यादा नाही हो, नेमके ३०० हवेत. २९९ सुद्धा चालणार नाहीत.

कोरा कागद: मग जोडून लिहा. ‘घरा जवळ’चं ‘घराजवळ’ केलं की एक शब्द वाचतो. तसंच ‘नवीदिशा’ करा. असे सात सहज निघतील.

काना-मात्रा: ‘घराजवळ’ बरोबर, ‘नवीदिशा’ नाही. शब्दयोगी अव्यय आधीच्या शब्दाला जोडायचंच असतं, त्यामुळे तिथे मोजणीही कमी होते आणि चूकही सुधारते. कात्री हातात घेण्याआधी खर्ड्यात ‘त्या मुळे’, ‘मुलां साठी’ असं काही तुटलेलं राहिलंय का, ते पाहावं. ‘नवी दिशा’ हा मात्र समास नाही. ती दोन पदं आहेत आणि जोडली तर शुद्धलेखन बिघडतं.

आता मूळ प्रश्न. गाळणे म्हणजे शब्द काढून टाकणे, त्याच्या जागी काही न ठेवता. ‘गाळलेल्या जागा भरा’ आठवा: शब्द गेला, जागा उरली. आवळणे म्हणजे आशय तोच ठेवून बांधणी घट्ट करणे. तुमच्या वाक्यात दोन्ही करून बघू.

गाळायचं तर ‘असे म्हटले तर ते चुकीचे ठरणार नाही’ हे शेपूट मोजा. बरोबर सात शब्द. ते काढलं की ३०० झाले. पण मग ‘असं मला वाटतं’ हा सावध सूर गेला आणि ठाम विधान उरलं. शिवाय ‘माध्यमातून’चा सैलपणा तसाच राहिला.

आवळायचं तर ‘वाचनाच्या माध्यमातून’चं ‘वाचनाने’ करा, एक वाचला. ‘एक नवी’मधला ‘एक’ इथे संख्या सांगत नाही, तो काढला की दोन. ‘प्राप्त होत असते’ऐवजी ‘मिळते’, म्हणजे आणखी दोन, एकूण चार. शेपटाचं ‘असे म्हणायला हरकत नाही’ केलं की सातातले चार उरतात, तीन वाचतात. झाले सात:

‘वाचनाने माणसाच्या विचारांना नवी दिशा मिळते असे म्हणायला हरकत नाही.’

सतराचे दहा झाले आणि सूर टिकला. यात ‘एक’ मी सरळ गाळलाच आहे, हे कबूल. आवळताना थोडं गाळावंही लागतं.

पानगळ: ‘होत असते’ आणि ‘मिळते’ एक नाहीत. ‘असते’मध्ये पुन्हा पुन्हा घडण्याचा अर्थ आहे. तो गेला.

काना-मात्रा: ‘मिळते’ या साध्या वर्तमानातही नेहमी घडण्याचा अर्थ येतोच, ‘सूर्य पूर्वेला उगवतो’सारखा. पण ‘असते’ने त्यावर जोर येतो, हे खरं. मी इथे तो जोर सोडून देईन. तुम्ही कदाचित नाही देणार.

मधली सुट्टी: माझं उलट झालं होतं. ३०५वरून कापत सुटले, न मोजता, आणि २९४वर आले. मग ‘खरोखर’, ‘अत्यंत’ असे सहा शब्द कोंबले. वाचताना ते सहाही वेगळे कळत होते.

काना-मात्रा: म्हणून शेवटच्या दहा शब्दांत प्रत्येक बदलाची वजाबाकी शेजारी लिहावी. इथे शेपूटही गाळलं असतं आणि बाकीचं आवळलंही असतं, तर अकरा गेले असते, म्हणजे २९६.

निळी शाई: ‘वाचनाने’ घेतलं, शेपूटही बदललं. ३०० भरले! पण वहीत मोजले तेव्हा ३००, वर्डमध्ये ३०१.

काना-मात्रा: कुठे दोन्ही बाजूंना जागा सोडून रेषा टाकली आहे का? ‘आई - वडील’ असं? वर्ड जागा बघून मोजतं, त्यामुळे एकटी रेषाही शब्द ठरते.

निळी शाई: हो, अगदी तेच, ‘सुख - दुःख’! जागा काढून ‘सुख-दुःख’ केलं तर आता २९९ दाखवतंय.

काना-मात्रा: कारण तीनाचा एक झाला. वहीत तुम्ही ते दोन शब्द धरले होते.

पानगळ: मी दोनच धरेन. म्हणताना दोन आहेत.

कोरा कागद: मी एक. द्वंद्व समास आहे, रेषा काढून ‘सुखदुःख’ लिहा, मग कुणी दोन म्हणणार नाही.

निळी शाई: मग तो एक शब्द परत आणायला हवा. ‘नवी’च्या आधीचा ‘एक’ परत ठेवू का?