फाटलेलं दूध, फुगलेलं दही आणि तक्रारीचं पत्र

> "ॲपवरून मागवलेलं दूध-दही कोमट आलं. दूध तापवताच फाटलं, दही आंबटढाण. तक्रार कशी लिहू?"

'दूध खराब होतं' एवढंच लिहिलंत तर 'तुम्हीच बाहेर ठेवलं असेल' हे उत्तर ठरलेलं. मे महिन्यात मलाही तेच ऐकावं लागलं. पुढच्या वेळी मी असं लिहिलं:

"ऑर्डर सकाळी 7:10 ला मिळाली. पिशवी हाताला कोमट लागली. 7:15 ला दूध पातेल्यात ओतून थर्मामीटरने मोजलं, 24 अंश. पिशवीवर 5 अंशांखाली ठेवण्याची सूचना आहे. 7:25 ला उकळताना फाटलं. मुदत उद्यापर्यंत होती. बॅच क्रमांक आणि फोटो सोबत."

यातल्या वेळा महत्त्वाच्या. दूध पंधरा मिनिटांत फाटण्याइतकं आंबत नाही, त्याला काही तास उबेत पडून राहावं लागतं. म्हणजे चूक दारात येण्याआधीची.

दह्याबद्दल 'आंबट आहे' लिहू नका, दही आंबटच असतं! झाकण फुगलंय का, वर पाणी सुटलंय का, आंबवलेल्या पिठासारखा वास येतो का, ते लिहा. झाकण उघडण्याआधी बाजूने फोटो काढा. डबा आणि पिशवी (धुऊन, नाहीतर घरभर वास) निकाल लागेपर्यंत ठेवा.

चॅटवर वेळ घालवू नका. ॲपवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता असतो, त्यावर ईमेल करा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. नाही दिलं तर ग्राहक हेल्पलाइन 1915.